फोटोतला सकर : नाव कळलं की पाणी ठरतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. पडद्यावर दाखवलेले फोटो इथे छापता आले नाहीत, म्हणून त्यांचं वर्णन घातलं आहे.)



सचिवसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय माझ्या आवडीचा निवडायला सांगितलं आणि वर हसून म्हणाले, "म्हणजे मासेच." खरं आहे. आपल्या सोसायटीत आजच्या घडीला सात-आठ घरांत काचेच्या टाक्या आहेत, आणि कुणी नवा मासा आणला की त्याचा फोटो माझ्या मोबाईलवर येतो : "सर, हा कोणता?" त्यातल्या एकाच फोटोची गोष्ट आज सांगतो. घरच्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घेत नाही.

तळमजल्यावरच्या एका मावशींनी नातवासाठी मासा आणला. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरत नाही आपण, तेव्हा पाणी साधारण पन्नास लिटर. त्यात आधीच दोन गोल्डफिश होते आणि काचेवर हिरवं शेवाळ धरत होतं. दुकानदाराने सांगितलं, "हा सकर न्या, टाकी साफ ठेवतो." मावशींनी मला विचारलं ते एवढंच : "याला वेगळं काही लागतं का?"

पडद्यावर पहिला फोटो बघा. वरून काढलेला, फ्लॅश मारलेला. पाण्यावर पांढरा झोत आणि खाली काळपट, चपटा, पालीसारखा आकार. यावरून इतकंच कळतं की हा अंगावर हाडांचं चिलखत असलेला, तोंडाने चिकटणारा, मूळचा दक्षिण अमेरिकेचा मासा आहे. पण त्या कुळात शेकडो जाती आहेत. काही चार इंचांवर थांबतात, काही दीड फुटांच्या होतात. दुकानात दोन-तीन इंचांची पिल्लं शेजारी शेजारी ठेवली तर नवखा माणूस दोन्हींना सकरच म्हणणार. आणि 'सकर' हे काही एका माशाचं नाव नाही, तो धंद्यातला शब्द आहे. पिवळ्याधमक रंगाचा 'सोनेरी सकर' म्हणून जो विकतात तो बऱ्याचदा या कुळातला नसतोच. त्याच्या अंगावर चिलखत नसतं, आणि मोठा झाला की तो रुंद अंगाच्या माशांच्या मागे लागतो. म्हणून रंगावर जाऊ नका. खऱ्या सकरांतही पिवळे, लाल डोळ्यांचे निघतात.

मी मावशींना दुसरा फोटो मागितला, आणि तो कसा काढायचा तेही सांगितलं. फ्लॅश बंद, खोलीतला दिवा बंद, फक्त टाकीवरचा दिवा चालू. म्हणजे काचेत आपलंच प्रतिबिंब येत नाही. मोबाईल काचेला सरळ धरायचा, तिरका धरला की मासा वाकडा दिसतो. शाळेतली पट्टी बाहेरून काचेला टेपने चिकटवायची आणि मासा त्याच काचेला चिकटेल तेव्हा मोजायचं. तो आत लांब असेल तर माप फसवं येतं. पाठीवरचा पर त्याने उभा केलेला असला पाहिजे. तो सारखा उभा करत नाही. शेजारून दुसरा मासा गेला किंवा खाणं टाकलं की उभारतो. त्यासाठी फोटोऐवजी मिनिटभराचा व्हिडिओ काढायचा आणि त्यातलं हवं ते चित्र थांबवून घ्यायचं. पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचं, नाहीतर फोटो दाबला जातो आणि नेमक्या त्या परातल्या काड्या पुसट होतात.

त्या काड्यांवरच सगळं आहे. नातवाने काढलेलं हे चित्र बघा, फार सुंदर आलंय. पाठीवरचा पर शिडासारखा उभा आहे. सगळ्यात पुढची जाड, कडक काडी म्हणजे काटा, तो मोजायचा नाही. त्याच्या मागच्या मऊ काड्या मोजायच्या, आणि त्या बुडाशी मोजायच्या. वरच्या कडेला एकेक काडी फाटून दोन-तीन होते आणि आकडा उगाच फुगतो. नातवाने मोजल्या बारा, मी मोजल्या बारा, मावशींनी चष्मा लावून मोजल्या, त्याही बारा.

दहा किंवा त्याहून जास्त काड्या असतील तर तो मोठा सकर. शास्त्रीय नाव टेरिगोप्लिक्थिस. सात-आठच असतील तर तो लहान, बुशीनोज म्हणतात तो असू शकतो. 'असू शकतो' म्हणतोय, कारण सात काड्यांचे मोठे होणारे भाऊबंदही आहेत, जरी आपल्याकडच्या दुकानांत ते क्वचित दिसतात. सात आल्या तर पुढे डोकं बघायचं. बुशीनोजचं डोकं रुंद आणि चपटं असतं, आणि नर थोडा वाढला की नाकाडावर मिशांसारखे मांसल कोंब फुटतात. दहाच्या वर आल्या की इतकी शंका राहत नाही.

तिसरा फोटो पोटाचा, काचेला चिकटलेला असताना बाहेरून काढलेला. पोटावर नागमोडी रेघांची जाळी असली की एक जात, सुटे ठिपके असले की दुसरी. मावशींच्या माशावर काही भागात रेघा आणि काही भागात ठिपके होते. या जातींचा संकर होतो, त्यामुळे असं मिश्र पोट सर्रास दिसतं. इथे मी थांबलो. टाकीचं नियोजन करायला एवढं नाव पुरतं, दोन्ही जातींना लागतं ते सारखंच. फोटोवरून जितकं खात्रीने सांगता येतं तितकंच सांगावं, उगाच पुढचं लेबल लावू नये.

आता नाव कळल्यावर काय बदललं ते बघा. पट्टीवर मासा आठ सेंटीमीटर होता. हा चाळीस सेंटीमीटरच्या पुढे जातो. त्याला वळायला सहा फूट लांब, दोन फूट रुंद टाकी लागते, साधारण साडेसहाशे लिटरची. "टाकी लहान असली की मासाही लहान राहतो" असं आपल्याकडे सगळे म्हणतात. तो लहान राहत नाही, खुरटतो. पाणी खराब होऊन त्याची वाढ अडते आणि आयुष्य कमी होतं.

पाण्याच्या प्रकाराबद्दल मात्र काळजी नव्हती. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, गीझरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो त्यावरून कुणालाही कळेल. हाच फोटो निऑन टेट्राचा असता तर मी सांगितलं असतं की या पाण्यात त्याचा निभाव कठीण, त्याला मऊ पाणी लागतं. मोठा सकर जड पाणी सहन करतो, गोल्डफिशही करतो. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला उघड्या बादलीत एक दिवस ठेवायचं, इतकंच.

अडचण सोबतीची होती. सकर रात्री फिरतो. शेवाळ संपलं आणि पोट रिकामं राहिलं, तर झोपलेल्या, संथ, रुंद अंगाच्या गोल्डफिशला तो चिकटतो आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो. सकाळी गोल्डफिशच्या कुशीवर फिकट किंवा लालसर खरचटलेला डाग दिसला तर समजायचं. मावशींच्या एका गोल्डफिशवर असा छोटा डाग होताच. त्यांना वाटलं होतं दगडाला घासला असेल. त्यात टाकी साफ होणं राहिलं बाजूला. हा मासा जितकं खातो तितकी घाण करतो, तळाशी त्याच्या विष्ठेचे लांब धागे दिसतात ते यामुळेच.

आणखी एक गंमत. मावशी म्हणाल्या, "हा मधूनच वर जाऊन तोंड मारून येतो, आजारी आहे का?" आजारी नाही. हा मासा हवा गिळून पोटातून श्वास घेऊ शकतो. उन्हाळ्यात लाईट गेली आणि हवेचा पंप बंद पडला की गरम पाण्यात गोल्डफिश आधी गुदमरतो, सकर टिकून राहतो.

हे त्याचं टिकून राहणंच पुढे आडवं येतं. आपल्या ग्रुपवर एकाने चांगल्या मनाने लिहिलं होतं, "मोठा झाला की नारंगीत सोडून द्या, जीव वाचेल." उजनी धरणात हाच सकर सुटलेला आहे. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, काट्यांनी जाळं अडकतं आणि फाटतं, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. तो काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो, म्हणून पिल्लं जगतात. अंगावर चिलखत असल्यामुळे त्याला खाणारेही थोडे. आपल्या नारंगीचं पाणी शेवटी गोदावरीला मिळतं, आणि खाली पैठणला नाथसागर आहे. तिथेही शेकडो घरं मासेमारीवर जगतात. त्यामुळे नदी नाही, धरण नाही आणि विहीरही नाही.

मग मावशींनी काय केलं? दुकानदाराशी बोलल्या. त्याने मासा परत घेतला, पैसे नाही दिले, खाद्याची पुडी दिली. चार दिवस तो टाकीत होता तेव्हा रोज रात्री दिवा बंद करताना बुडणारी गोळी आणि उकडलेल्या दोडक्याची चकती दगडाला बांधून ठेवायला सांगितली होती. पोट भरलेलं असल्यामुळे डाग वाढला नाही.

शेवाळाचं कारण वेगळंच होतं. टाकीवरचा दिवा सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चालू असायचा, शिवाय खिडकीतून ऊन. टाकी भिंतीकडे सरकवली, दिवा रोज सात तास, आठवड्याला एक बादली पाणी बदलायचं, आणि काच घासायला चुंबकाचा घासणा. तीन आठवड्यांत काच बऱ्यापैकी स्वच्छ झाली.

नातवाला मात्र सकर हवाच आहे. त्याला मी सांगितलंय की या टाकीत दोन गोल्डफिशच जास्त होतात, दीडशे लिटरची टाकी आली की पुढचा विचार करू. त्या टाकीतही गोल्डफिशबरोबर सकर नाही, हे त्याने ऐकून घेतलं आणि आता तो मला दर रविवारी दुकानातल्या वेगवेगळ्या माशांचे, पर उभे असलेले, पट्टीसकट फोटो पाठवतो. मागच्या रविवारच्या फोटोत सात काड्या होत्या.