मला पटत नाही, असं म्हणताना

(युवा शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



आज गटचर्चेत मत कसं मांडायचं, हो कसं म्हणायचं आणि नाही कसं म्हणायचं, एवढ्यावरच बोलणार आहे. इथं बसलेल्या बहुतेकांच्या घरात दखनी, उर्दू किंवा कोकणी बोलतात. मराठी आपण शाळेत, गल्लीत आणि एसटीत शिकलो. बाजारात, कॉलेजात आपलं अडत नाही. पण दहाजण गोल करून बसले आणि विषय नाजूक निघाला, की आपल्यातला एकजण गप्प होतो आणि दुसरा एकदम कडक बोलतो. दोघांची अडचण एकच आहे. 'काय' म्हणायचं ते मराठीत येतं, पण 'किती जोर देऊन' म्हणायचं ते येत नाही. भाषेच्या मधल्या पायरीवर असंच होतं.

म्हणून एकच चर्चा घेऊ आणि तिच्यातली वाक्यं तपासू. विषय असा: मुलींच्या लग्नाचं किमान वय 18 वरून 21 करावं का? पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात मुलीसाठी 18 आणि मुलासाठी 21 वर्षं ही मर्यादा आहे. मुलींचीही 21 करावी असं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्द झालं. हा कायदा आणि मुस्लिम व्यक्तिगत कायदा यांत वरचढ कोण, यावर वेगवेगळ्या हायकोर्टांनी वेगवेगळे निकाल दिले आहेत. म्हणजे विषय आपल्या घरातला आहे आणि शहाण्या माणसांतही त्यावर मतभेद आहेत. आपल्या अभ्यासगटांत हा विषय मी बऱ्याचदा घेतला आहे. वाक्यं तिथलीच आहेत.

चर्चेची सुरुवात बहुतेक वेळा अशी होते. एक मुलगा म्हणतो, "हे चुकीचं आहे." पूर्णविराम. हे वाक्य मताचं नाही, निकालाचं आहे. समोरच्याला दोनच वाटा उरतात, मान्य करा नाहीतर भांडा. आता तोच मुलगा असं म्हणाला तर बघा: "मला वाटतं वय वाढवू नये, कारण 19 वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीनं लग्न करेल, तेव्हा तिच्या नवऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकेल." मत तेच आहे. पण आता त्याला कारण आहे, आणि कारण तपासता येतं. अठरा वर्षांवरच्या पुरुषानं कायद्याच्या वयाखालच्या मुलीशी लग्न केलं, तर या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्यामुळे त्याचा मुद्दा हवेतला नाही.

मत मांडायच्या तीन पायऱ्या लक्षात ठेवा. खात्री कमी असेल तर "मला असं वाटतं". विचार करून ठरवलेलं असेल तर "माझ्या मते" किंवा "माझं म्हणणं असं आहे". डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर "आमच्या वस्तीत मी असं पाहिलंय". तिसरं वाक्य सगळ्यात वजनदार आहे, पण ते तुमच्या वस्तीपुरतंच खरं आहे. "आमच्या वस्तीत" म्हणता म्हणता "आपल्या समाजात" म्हणू नका. एका गल्लीवरून अख्ख्या समाजाबद्दल बोललात, की समोरचा लगेच दुसरी गल्ली काढतो आणि मूळ विषय बाजूला पडतो.

आता सहमती. आपल्याला वाटतं यात काय अवघड आहे? मान हलवायची आणि "बरोबर, बरोबर" म्हणायचं. पण मराठीत "बरोबर" दोन कामं करतं. कधी त्याचा अर्थ "मला मान्य आहे" असतो, कधी फक्त "ऐकतोय, पुढं बोला". एक मुलगी बोलत होती की दहावी पंधरा-सोळाव्या वर्षी होते, पदवी वीस-एकविसाव्या, आणि अठरा पूर्ण झाले की घरात स्थळं यायला लागतात, मग शिक्षण मध्येच सुटतं. शेजारचा मुलगा प्रत्येक वाक्याला "बरोबर" म्हणत होता. तिचं संपल्यावर तो म्हणाला, "मला यातलं काहीच मान्य नाही." तिला वाटलं हा चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता, तो ऐकत होता. ऐकताना "हं" किंवा "अच्छा" पुरतं. "बरोबर" हा शब्द खऱ्या सहमतीसाठी राखून ठेवा.

आणि सहमत असाल तर कशाशी, ते सांगा. "शिक्षण सुटतं हे तिचं म्हणणं मला पटतं. त्यात एक भर घालतो: फी भरायला पैसे नसतात म्हणूनही सुटतं." आता चर्चा एक पाऊल पुढं गेली. "मी तिच्याशी सहमत आहे" एवढंच म्हणून बसलात तर तुमची पाळी फुकट गेली. अर्धं पटलं असेल तर अर्धंच सांगा: "अडचण तू सांगतेस तशीच आहे. उपाय कायद्यानं होईल का, याबद्दल मला शंका आहे." मराठीत "शंका आहे" हा फार उपयोगी शब्द आहे. तो नकार देत नाही, दार उघडं ठेवतो.

आता मुख्य गोष्ट, असहमती. मराठीनं आपल्याला यासाठी एक सुंदर क्रियापद दिलंय: पटणं. आपल्या बोलीतही ते आलंय, "मेरेको नै पटता" असं आपण सहज म्हणतो. "तुम्ही चुकताय" या वाक्यात कर्ता समोरचा माणूस आहे, बोट त्याच्याकडे आहे. "मला हे पटत नाही" या वाक्यात माणूस बाजूला राहतो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते म्हणणं, आणि दोघांचं जुळत नाही. भांडणाला जागाच उरत नाही, कारण मला का पटत नाही हे सांगायची जबाबदारी आता माझ्यावर आली.

उर्दू-दखनीतून येणाऱ्यांसाठी दोन खाचखळगे सांगतो. पहिला, "खोटं". आपण घाईत "ये बात झूट है" म्हणतो आणि मराठीत "तुम्ही खोटं बोलताय" असं आणतो. मराठीत हा थेट आरोप आहे, समोरचा जाणूनबुजून फसवतोय असा. माहिती चुकली असेल तर म्हणा, "या आकड्याबद्दल माझी माहिती वेगळी आहे." दुसरा, "आपण". उर्दूच्या "आप"चं आपण "आपण" करतो. पण मराठीत "आपण" म्हणजे "तुम्ही-आम्ही सगळे" असाही अर्थ होतो. "आपण हे समजून घेतलं नाही" म्हटलं, तर तुम्ही समोरच्याला बोलताय की सगळ्यांना, ते कळत नाही. चर्चेत मोठ्यांना सरळ "तुम्ही" म्हणा, त्यात आदर पुरेसा आहे. आणि "आपण" सगळ्यांसाठी ठेवा: "आपण आधी हे ठरवू या का?"

मग "हो, पण". हा आपला सगळ्यांचा लाडका फॉर्म्युला. "तुमचं बरोबर आहे, पण..." आणि पणनंतर सगळं उलटं. ऐकणाऱ्याला "पण"च्या आधीचं काहीच ऐकू येत नाही. यावर उपाय असा. आधी त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा आणि थांबा. "तुझं म्हणणं असं ना, की वय वाढलं तर मुली पदवी पूर्ण करतील?" ती "हो" म्हणू दे. कधी ती "नाही, मी म्हणत होते की निदान नकार द्यायला त्यांना कायद्याचा आधार मिळेल" असंही म्हणेल. हा तर वेगळाच मुद्दा निघाला, आणि न विचारता बोलला असतात तर तिनं न मांडलेल्या मुद्द्यालाच उत्तर देत बसला असतात. होकार आला की मग तुमचं वाक्य: "आधार मिळेल हे मान्य. मला अडचण वाटते ती पोलिस केसची."

आता आपल्या गटांत हमखास येणारं वळण. कुणीतरी म्हणतं, "दीनमध्ये असं आहे," आणि खोली गप्प होते. या वाक्याला विरोध करायचा कुणालाच धीर होत नाही. इथं विरोध करूच नका, विचारा. "चाचा, हे समजून घ्यायचंय. हे कुराणात आलंय, हदीसमध्ये, की फिकहच्या एखाद्या मसलकाचं मत आहे?" प्रश्न अदबीचा आहे आणि खराही आहे, कारण तिन्हींचं वजन सारखं नाही. उत्तरातून बहुतेकदा कळतं की आलिमांमध्येही यावर एकाहून जास्त मतं आहेत. मतभेद आपल्या परंपरेला नवा नाही. खंदकच्या लढाईनंतर प्रेषितांनी (स.) साथीदारांना सांगितलं होतं की असरची नमाज बनू कुरैझांच्या वस्तीत पोहोचूनच अदा करा. वाटेतच असरची वेळ झाली. काहींनी थांबून नमाज अदा केली, कारण सांगण्याचा हेतू घाई करा असा होता असं त्यांनी मानलं. काहींनी शब्दशः पाळलं आणि पोहोचेपर्यंत थांबले. प्रेषितांनी दोघांपैकी कुणालाही दोष दिला नाही. ही हकीकत सहीह बुखारीत आहे.

शेवटी सभ्यतेची हद्द. गोड बोलणं म्हणजे सगळं ऐकून घेणं नव्हे. मुलगी बोलत असताना कुणी मध्ये तोडलं, तर तिनं म्हणावं, "माझं वाक्य पूर्ण होऊ द्या, मग तुमचं ऐकते." ती म्हणाली नाही तर गट चालवणाऱ्यानं म्हणावं, "तिचं पूर्ण होऊ द्या." आणि कुणी म्हणालं की "शिकलेल्या मुली घर सांभाळत नाहीत", तर "तुमच्या मताचा आदर आहे" हे वाक्य वापरू नका. तो मुद्दा नाही, तो समोर बसलेल्या मुलींवरचा शेरा आहे. आवाज न चढवता सांगा, "हा शेरा झाला. वयाच्या मुद्द्यावर बोलू या." शब्द मऊ ठेवा, पण मागे हटू नका.

चर्चा नीट झाली की नाही, हे ओळखायची एक साधी खूण सांगतो. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि प्रत्येकाला विचारा: तुझ्या विरोधात बोललेल्या माणसाचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता? सांगता आला, तर तो ऐकत होता. मग गट चालवणाऱ्यानं दोन वाक्यं मोठ्यानं म्हणावीत. "मुलीची मर्जी विचारल्याशिवाय लग्न होऊ नये, यावर आपलं एकमत आहे. त्यासाठी कायद्यातलं वय वाढवावं का, यावर मतभेद आहेत." मतभेद उरले तर वहीत तसेच लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत तिथूनच सुरू करा.

आता जेवणाआधी पाचपाचचे गट करू या. विषय हाच.