पाच मिनिटांच्या सरासरीत काय दडतं? लिंकचा वापर आणि पोलिंगचं अंतर

म्हैसूरहून बोलतोय. माझी नोकरी सैन्याच्या सिग्नल्समध्ये झाली. निवृत्तीनंतर इथल्या दोन-तीन संस्थांना त्यांचं नेटवर्क सांभाळायला मदत करतो. आजचा प्रश्न साधा आहे. लिंक किती भरली आहे हे कळण्यासाठी राउटरला किती वेळाने विचारायचं? आणि आपण विचारायचं, की त्यालाच आपणहून सांगू द्यायचं?

आधी एक गोष्ट पक्की करू. आपण ग्राफवर जो वेग बघतो, तो राउटरने सांगितलेला नसतो. राउटरकडे फक्त एक मीटर असतो. घरच्या विजेच्या मीटरसारखा तो पुढेच जातो. या पोर्टमधून आजवर इतके बाइट गेले, एवढंच तो सांगतो. तुमच्याकडे महावितरणचा माणूस महिन्यातून एकदा रीडिंग घेतो, आमच्याकडे चामुंडेश्वरी कंपनीचा घेतो. दोन रीडिंगची वजाबाकी करून महिन्याचे युनिट कळतात. पण गीझर सकाळी सहाला लागला की रात्री दहाला, ते त्या वजाबाकीतून कळत नाही. नेटवर्कमध्येही तसंच आहे. दोन रीडिंगमधल्या बाइटना आठने गुणायचं आणि मधल्या सेकंदांनी भागायचं, की त्या काळाची सरासरी मिळते. त्या काळात काय चढउतार झाले ते मिळत नाही.

एसएनएमपी पोलिंग म्हणजे आपण ठरावीक वेळाने विचारणं. रेडिओ नेटवर कंट्रोल एकेका स्टेशनला हाक मारून खबर घेतो, तसं. स्ट्रीमिंग टेलिमेट्रीत एकदाच सांगून ठेवायचं, की दर दहा सेकंदांनी आपणहून खबर देत जा. मीटर मात्र दोन्हीकडे तोच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पाच मिनिटं हा आकडा आला कुठून? टोबियास ओटिकर यांनी 1994 मध्ये इंग्लंडच्या लेस्टरमधल्या डी माँटफोर्ट विद्यापीठात असताना एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याचंच पुढे एमआरटीजी झालं. तेव्हा तिथली बाहेर जाणारी लाइन 64 किलोबिटची होती. एमआरटीजी दर पाच मिनिटांनी रीडिंग घेत असे, आणि तीच सवय पुढच्या कितीतरी प्रोग्रॅमनी उचलली. 64 किलोबिटच्या लाइनवर पाच मिनिटांत फार तर 2.4 मेगाबाइट जायचे. आज 100 मेगाबिटच्या लाइनवर तेवढे बाइट एका सेकंदाच्या पाचव्या भागात जातात. लाइन बदलली, आकडा तोच राहिला.

याने काय होतं ते एका प्रत्यक्ष प्रकरणातून सांगतो. म्हैसूरमधल्या एका संस्थेत दोन इमारतींच्या मध्ये 100 मेगाबिटची लाइन होती. फोन आणि व्हिडिओ मीटिंगही तिच्यावरूनच चालायच्या. तक्रार अशी, की मधूनच आवाज तुटतो, अर्ध्या-पाऊण मिनिटाने आपोआप सुरळीत होतो. नेटवर्क बघणाऱ्या मुलीने मला ग्राफ दाखवला. म्हणाली, "सर, ग्राफ चेन्नागिदे." म्हणजे ग्राफ तर छान आहे! आणि खरंच छान होता. दिवसभर वीस टक्के, आणि मधूनमधून एकतीस टक्क्यांचे छोटे उंचवटे. एकतीस टक्के भरलेल्या लाइनवर आवाज कशाला तुटेल?

पण ते उंचवटे बरोबर पंधरा मिनिटांच्या अंतराने येत होते. माणसांची वर्दळ अशी घड्याळ लावून येत नाही. शोध घेतल्यावर कळलं, की एक सर्व्हर दर पंधरा मिनिटांनी आपल्या फायली दुसऱ्या इमारतीत उतरवून ठेवतो आणि चाळीस सेकंद पूर्ण लाइन घेतो. आता हिशोब करा. 300 सेकंदांपैकी 40 सेकंद 100 मेगाबिट, म्हणजे 4,000. उरलेले 260 सेकंद 20 मेगाबिट, म्हणजे 5,200. बेरीज 9,200, भागिले 300. उत्तर जेमतेम 31. ग्राफ खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलं होतं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं.

मग अंतर किती हवं? तीस सेकंद केलं तर? चाळीस सेकंदांचा लोंढा दोन रीडिंगांवर वीस-वीस सेकंद असा वाटला गेला, तर ग्राफ प्रत्येकी 73 दाखवेल. लाइन भरली होती हे तरीही ठामपणे कळणार नाही. वीस सेकंद केलं, तर लोंढा कधीही सुरू होवो, वीस सेकंदांचा निदान एक तुकडा पूर्ण त्याच्या आत बसतोच आणि ग्राफ शंभराला टेकतो. म्हणून माझा नियम असा: किती वेळ लाइन भरलेली राहिली तर आपलं नुकसान होतं, ते आधी ठरवा. अंतर त्याच्या निम्मं किंवा निम्म्याहून कमी ठेवा. महिन्याकाठी लाइन वाढवायची का, एवढाच प्रश्न असेल तर पाच मिनिटं पुरतात. फोन तुटतो का, हा प्रश्न असेल तर पुरत नाहीत.

आम्ही त्या एका लाइनपुरतं वीस सेकंद केलं. शंभराला टेकणारे सुळके दिसले. सर्व्हरच्या त्या कामाला 40 मेगाबिटची मर्यादा घातली. चाळीस सेकंदांचं काम ऐंशी सेकंदांवर गेलं, लाइन साठच्या आसपास राहिली आणि आवाज तुटायचा थांबला.

मग कोणी म्हणेल, सरळ एक सेकंद का नको? इथे खालची मर्यादा येते. मोजणी पोर्टच्या चिपमध्ये होते, आणि पुष्कळ उपकरणं ती काही सेकंदांनी एकदाच वर आणून एसएनएमपीच्या ताब्यात देतात. मधल्या वेळात कितीदाही विचारा, तोच जुना आकडा मिळतो. आपल्या उपकरणाचं हे अंतर किती, ते पाच मिनिटांत तपासता येतं. लाइनवर रहदारी चालू असताना दर सेकंदाला वाचा:

```
while true; do
  date +%s
  snmpget -v2c -c "$COMM" -Oqv 192.0.2.1 \
    IF-MIB::ifHCOutOctets.3
  sleep 1
done
```

पत्ता आणि शेवटचा पोर्टचा क्रमांक आपापला घाला. आकडा किती सेकंद जागेवर बसून राहतो आणि मग उडी मारतो, ते मोजा. समजा दहा सेकंद आले आणि तुम्ही दर पंधरा सेकंदांनी विचारताय. मग एकदा तुमच्या हातात दहा सेकंदांची रहदारी येईल आणि पुढच्या वेळी वीस सेकंदांची, पण भागाकार दोन्ही वेळा पंधरानेच होईल. संथ 60 मेगाबिटची रहदारी ग्राफवर 40, 80, 40, 80 अशी करवतीच्या दात्यांसारखी दिसेल. असे दाते दिसले, किंवा वापर शंभर टक्क्यांच्या वर गेला, तर लाइनला दोष देण्याआधी अंतर तपासा. विचारण्याचं अंतर त्या उडीच्या निदान दुप्पट ठेवा, आणि शक्यतो तिच्या पटीत. आमच्या राउटरची उडी पाच सेकंदांची होती, म्हणून वीस चाललं.

टेलिमेट्रीचा खरा फायदा इथे समजतो. तिच्यात उपकरण आकड्याबरोबर आपली वेळही लिहून पाठवतं, त्यामुळे निरोप वाटेत रेंगाळला तरी भागाकार बिघडत नाही. शिवाय दर वेळी विचारावं लागत नाही. 300 स्विच, प्रत्येकी 48 पोर्ट, पोर्टमागे चार काउंटर धरले तर 57,600 आकडे होतात. ते दर वीस सेकंदांनी हवेत म्हणजे सेकंदाला 2,880. पोलिंगने हे करताना एक फेरी संपायच्या आत दुसरीची वेळ येते, उत्तरं चुकतात, ग्राफमध्ये भोकं पडतात आणि स्विचच्या प्रोसेसरवर एसएनएमपीचाच भार दिसू लागतो. ही चिन्हं दिसली, की टेलिमेट्रीचा विचार करायचा. जीएनएमआयमध्ये या वाटेचं नाव घेऊन SAMPLE पद्धतीने मागणी नोंदवतात:

```
/interfaces/interface/state/counters/out-octets
```

ON_CHANGE ही पद्धत पोर्ट चालू-बंद होण्याच्या खबरीसाठी ठेवा. बाइटचा काउंटर तर सतत बदलतच असतो.

पण मीटर तोच आहे, हे विसरू नका. आतली मोजणी दहा सेकंदांनी वर येत असेल आणि तुम्ही एक सेकंदाचं सॅम्पल मागितलं, तर नऊ वेळा शून्य आणि दहाव्या वेळी 600 मेगाबिट, तेही 100 च्या लाइनवर! दहा-वीस उपकरणांच्या संस्थेला केवळ वीस सेकंदांसाठी सगळं बदलण्याची गरज नाही.

वरची मर्यादाही सांगतो. जुना 32 बिटचा ifOutOctets काउंटर 4,29,49,67,295 वर पोचला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. भरलेल्या 100 मेगाबिटवर ही फेरी सुमारे 343 सेकंदांत पुरी होते, गिगाबिटवर 34 सेकंदांत. दोन रीडिंगच्या मध्ये एक फेरी पूर्ण झाली, तर ती हिशोबातून गायब. लाइन वाढवल्यावर वापर उलट घटलेला दिसला, तर आधी हेच बघा. उपाय म्हणजे 64 बिटचा ifHCOutOctets. तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही, 2c किंवा 3 लागते.

शेवटचा मुद्दा. काही लोंढे मिलिसेकंदांचे असतात. ते वीस सेकंदांत दिसणार नाहीत आणि एका सेकंदातही नाहीत. तिथे अंतर कमी करत बसू नका, ifOutDiscards बघा. जागा नाही म्हणून टाकून दिलेली पॅकेट तिथे मोजली जातात, आणि मोजलेलं पॅकेट सरासरीत विरघळत नाही. वापर तीस टक्के आणि हा आकडा वाढतोय, म्हणजे लाइन क्षणभर का होईना भरते आहे. आमच्याही लाइनवर दर पंधरा मिनिटांनी तो चढत होता. मर्यादा घातल्यावर जागेवर थांबला, आणि काम झाल्याची खात्री आम्ही त्यावरूनच केली. तुमच्या सेवादाराच्या टोकाला पॅकेट टाकली जात असतील, तर मात्र ती तुमच्या राउटरवर दिसणार नाहीत.

आणि हो, वीस सेकंदांचे आकडे साठवताना प्रोग्रॅम जुन्या नोंदींची पुन्हा सरासरी करत नाही ना, ते बघा. आठवड्याने मागे वळून पाहिलं की तोच एकतीसचा उंचवटा दिसेल. सरासरीबरोबर कमाल आकडाही जपून ठेवा.

तुमच्या राउटरची उडी किती सेकंदांची निघाली, ते मोजून कळवा. उपकरणाचं मॉडेलही लिहा, म्हणजे इतरांना उपयोग होईल. नमस्कार.