घर बदलताना एअरकंडिशनर



बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे बिऱ्हाड हलवणे आले. कपाट, खाटा, भांडीकुंडी ही माणसांच्या खांद्यावरून जातात. पण अलीकडे पुष्कळ घरांच्या भिंतीवर एक अशी वस्तू असते, की ती नुसती उचलून नेता येत नाही. ही वस्तू म्हणजे दोन भागांचा एअरकंडिशनर, ज्याला आपण स्प्लिट एसी म्हणतो. तो हलवताना काय करायचे असते, आणि कोणत्या ठिकाणी घोटाळा होतो, एवढेच आज आपल्याला सांगणार आहे.

आधी यंत्राची रचना ध्यानात घेऊ. एक पेटी खोलीत असते, दुसरी बाहेर. दोघींना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या असतात, एक बारीक आणि एक जाड. बारीक नळीतून गॅस मुख्यतः द्रवरूपात खोलीकडे येतो, आतील उष्णता घेऊन त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाड नळीने बाहेरच्या कॉम्प्रेसरकडे परत जाते. हा गॅस खर्च होत नाही, तोच तो फिरत राहतो. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" असे कोणी सांगितले, तर समजावे की कोठेतरी गळती आहे.

आता नळ्या तशाच सोडल्या तर काय होईल? सध्याच्या बऱ्याच यंत्रांत आर-३२ नावाचा गॅस असतो. यंत्र बंद असतानाही ३० अंश सेल्सिअसच्या हवेत त्याचा दाब दर चौरस इंचाला अडीचशे पौंडांच्या वर असतो. नट सैल करताच तो फुसकन उडून जाईल, हाताच्या कातडीला थंडीने इजा करील, आणि ठिणगी असल्यास पेटूही शकेल. शिवाय पृथ्वी तापवण्याच्या कामी हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट जबर आहे. म्हणून तो उडवायचा नाही, बाहेरच्या पेटीत कोंडून बरोबर न्यायचा. यालाच पंप डाउन म्हणतात.

त्याची रीत अशी. प्रथम यंत्र थंडाव्यावर दहा मिनिटे चालवून ते नीट थंड करते की नाही हे पाहून घ्यावे. कॉम्प्रेसर चालत नसेल तर पंप डाउन होणारच नाही, मग गॅस वेगळ्या यंत्राने टाकीत काढून घ्यावा लागतो. इन्व्हर्टर जातीचे यंत्र थंडीच्या दिवसांत संथ चालते, तेव्हा त्याला जबरीने चालवण्याची जी सोय कंपनीने दिलेली असते ती वापरावी.

मग बाहेरच्या पेटीवरील दोन झडपांची टोपणे काढायची. जाड नळीच्या झडपेवर दाब दाखवणारे घड्याळ लावायचे. एलन की नावाच्या षट्कोनी चावीने आधी बारीक नळीची झडप पूर्ण बंद करायची. आता गॅस आत जाणे थांबले, पण कॉम्प्रेसर आतला गॅस ओढतोच आहे. घड्याळाचा काटा उतरू लागतो. साधारण एकदोन मिनिटांत तो शून्याजवळ येतो. शून्याच्या किंचित वर असतानाच जाड नळीची झडप बंद करायची आणि लगेच वीज तोडायची.

इथे उशीर करू नये, हे विशेष सांगतो. काटा शून्याखाली गेला आणि एखादा सांधा सैल असला, तर कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढतो. हवा आणि तेल दाबाखाली एकत्र आले की पेट घेतात, आणि कॉम्प्रेसर फुटतो. असे अपघात घडलेले आहेत. म्हणून घड्याळ न लावता नुसत्या अंदाजाने हे काम करणाऱ्याला थांबवावे.

त्यानंतर नळ्या सोडायच्या, चारही तोंडे टोपणांनी नाहीतर चिकटपट्टीने बंद करायची. उघड्या तोंडातून ओल आणि धूळ जाते. तारा कोणत्या खुणेला होत्या त्याचे चित्र काढून ठेवावे. बाहेरची पेटी गाडीत उभीच ठेवावी, आडवी नव्हे.

आता नव्या घरातली जोडणी. त्यासाठी एका माध्यमिक शिक्षकांचे उदाहरण घेऊ. त्यांचे यंत्र दीड टनाचे, पाटीवर गॅस ९०० ग्रॅम लिहिलेला. हा गॅस ५ मीटर नळीपुरता, आणि पुढच्या प्रत्येक मीटरला १५ ग्रॅम जादा, असे सोबतच्या पुस्तिकेत होते. जुन्या घरी नळी ३ मीटर होती, नव्या घरी ८ मीटर लागली. पंप डाउन चांगले झाले होते. पण मिस्त्रीने जुन्याच नळीला तुकडा जोडला, तिची पसरट केलेली जुनी टोके तशीच वापरली, आणि पेटीतला थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर ढकलली. "झाले साहेब," म्हणून तो गेला.

दोन आठवडे यंत्र चालले. पुढे खोली थंड व्हायला तासभर लागू लागला. बारीक नळीच्या सांध्यापाशी बर्फ धरू लागला. गॅस कमी झाल्याची ही ठळक खूण. दुसऱ्या मिस्त्रीने साबणाचे पाणी लावले, तेव्हा नटापाशी बुडबुडे आले. टोकाची कड एकदा दाबली गेली म्हणजे दुसऱ्यांदा नीट बसत नाही. त्यामुळे टोक कापून ते नव्याने पसरवावेच लागते.

त्याने उरलेला गॅस टाकीत काढला, टोके नवी केली, नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहिले. मग व्हॅक्यूम पंप लावला. हा पंप का, हे नीट समजून घ्या. नळीत हवा राहिली तर ती द्रवरूप होत नाही, नाहक दाब वाढवते आणि वीज जास्त जाते. ओल राहिली तर तेलात आम्ल तयार होते, किंवा बारीक मार्गात बर्फ धरतो. पाणी १०० अंशांना उकळते ते साध्या हवेच्या दाबाला, म्हणजे पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरला. पंपाने दाब अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरवला, की नळीतली ओल खोलीच्या उष्णतेतच उकळून निघून जाते. नुसता गॅस सोडून हवा ढकलल्याने हे होत नाही. पंप थांबवून दहा मिनिटे काटा पाहायचा. तो वर चढू लागला तर गळती किंवा ओल आहे.

शेवटी गॅस वजन करून भरला: ९०० ग्रॅम, अधिक ३ मीटरचे ४५, एकूण ९४५ ग्रॅम. पहिल्याच वेळी हे केले असते तर पेटीतल्या कोंडलेल्या गॅसवर फक्त ४५ ग्रॅमची भर घालावी लागली असती.

तेव्हा मिस्त्रीला काम देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. दाबाचे घड्याळ आहे का? व्हॅक्यूम पंप आणणार का? टोके नवी करणार का? गॅस वजनाने भरणार का? आणि काम झाल्यावर आतल्या पेटीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते सरळ बाहेर पडले तर निचऱ्याच्या नळीला उतार बरोबर आहे. नाहीतर पहिल्याच दमट दिवशी भिंतीवरून ओघळ येतील.