‘थांबव ते’ म्हणण्याऐवजी : मुलांच्या टिक्स, घर आणि वर्ग

आज मुलांच्या टिक्सबद्दल बोलू या. आपण इथे अमेरिकेत राहतो, त्यामुळे शाळेबद्दल जे सांगेन ते इथल्या शाळांना धरून असेल.

टिक म्हणजे अचानक होणारी, पुन्हा पुन्हा तशीच होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणं, नाक ओढणं, मान झटकणं, घसा खाकरणं. बहुतेक मुलांमध्ये ती पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होते. दहा-बारा वर्षांच्या आसपास जोर सगळ्यात जास्त असतो आणि पुढे बऱ्याच जणांमध्ये तो कमी होत जातो. सुरुवातीला आपण डोळ्यांच्या नाहीतर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जातो. तिथे काही सापडत नाही, आणि मग घरात एकच वाक्य सुरू होतं, ‘अरे, थांबव ते!’ व्हिडिओ कॉलवर आजीही तेच म्हणते.

मूल थोडा वेळ थांबवूही शकतं, आणि गैरसमज तिथेच होतो. टिक येण्याआधी अनेक मुलांना त्या जागी ताण, खाज किंवा दाब जाणवतो. शिंक येण्याआधी नाकात हुळहुळतं तसं. टिक झाली की तो दाब सुटतो. म्हणजे मूल मुद्दाम करत नाही, पण शिंकेसारखं क्षणभर रोखू शकतं. आणि रोखून धरताना त्याचं सगळं लक्ष तिथेच जातं, फळ्याकडे राहत नाही.

यावर जो उपाय सगळ्यात जास्त अभ्यासला गेला आहे त्याचं नाव हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंग. नावात ‘हॅबिट’ असलं तरी टिक ही वाईट सवय नव्हे. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ही पद्धत मांडली. आज ती सीबीआयटी या मोठ्या कार्यक्रमाचा गाभा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, दहा वर्षांचा मुलगा आहे. तो मान उजवीकडे झटकतो आणि घसाही खाकरतो. थेरपिस्ट दोन्ही एकदम घेत नाही. ज्याचा मुलाला जास्त त्रास होतो ती टिक आधी. मान दुखते, म्हणून मान.

पहिली पायरी ओळखण्याची. टिक नेमकी कशी होते हे मुलगा स्वतः सांगतो. आधी मानेच्या बाजूला आवळल्यासारखं वाटतं, मग खांदा किंचित वर जातो, मग हनुवटी फिरते. थेरपिस्टशी गप्पा मारताना टिक आली की त्याने बोट वर करायचं. सुरुवातीला टिक होऊन गेल्यावर बोट वर जातं. सरावाने खांदा उचलतानाच जातं, आणि नंतर नुसतं आवळल्यासारखं वाटलं तरी जातं. लहान मुलांना हा आधीचा दाब ओळखणं कठीण जातं, म्हणून त्यांच्या बाबतीत वेळ लागतो.

दुसरी पायरी, टिकला आडवी येणारी कृती. हनुवटी किंचित खाली आणि आत घ्यायची, मानेचे स्नायू हलकेच ताठ धरायचे, नजर समोर. या स्थितीत मान झटकता येत नाही. दाब जाणवला की, किंवा टिक सुरू झालीच तर लगेच, ही कृती करायची आणि एक मिनिट धरायची. मिनिटानंतरही दाब असेल तर तो ओसरेपर्यंत. कृती अशी निवडायची की ती कुठेही करता येईल आणि शेजारच्या मुलाच्या लक्षातही येणार नाही. खाकरण्यासाठी पुढे वेगळी कृती येईल : तोंड मिटून नाकाने संथ श्वास.

मग ‘थांबव’ म्हणण्यात आणि यात फरक काय? ‘थांबव’ म्हटलं की मुलाच्या हातात करण्यासारखं काही नसतं. इथे दाब आला तरी टिक न करता तो आपोआप ओसरतो, हा अनुभव शरीराला पुन्हा पुन्हा मिळतो.

तिसरी पायरी आपली, आईबाबांची. मुलाने कृती नीट केली की, ‘छान धरलंस’, एवढंच म्हणायचं. विसरला तर आधी ठरलेली खूण करायची, तीही ठरवलेल्या सरावाच्या वेळेतच. बाकी दिवसभर टिककडे बघायचंही नाही. आणि टिक वाढली म्हणून गृहपाठ माफ, किंवा सगळं घर भोवती गोळा, असं होतंय का तेही पाहायचं. शिक्षा नको आणि सवलतही नको.

किती फरक पडतो? २०१० मध्ये अमेरिकेतल्या १२६ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांत आठ भेटी. सीबीआयटी घेतलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली. नुसती माहिती आणि आधार मिळालेल्या गटात हे प्रमाण पाचात एकाहूनही कमी होतं. म्हणजे उपाय खरा आहे, पण सगळ्यांना पुरत नाही आणि टिक मुळासकट जात नाही. शिवाय टिक्स मुळातच कधी वाढतात, कधी कमी होतात. एका वाईट आठवड्यावरून सराव फुकट गेला असं ठरवू नका. टिकमुळे दुखत असेल, झोप किंवा अभ्यास बिघडत असेल, तर औषधांबद्दल डॉक्टरांशी बोला. एडीएचडी किंवा ओसीडी सोबत असेल तर कधी आधी त्यावर उपचार करावे लागतात. आणि मूल त्या वेळी शुद्धीवर नसल्यासारखं वाटलं, तर ती टिक समजून थांबू नका, लगेच दाखवा.

आता वर्गाकडे वळू. टीचरला छोटी ईमेल पाठवा. हालचाल कोणती, ती मुद्दाम नाही, आणि वर्गात तिच्यावर बोलू नये. मूल मागच्या किंवा कडेच्या बाकावर बसलं तर पाठीवर सगळ्या वर्गाची नजर राहत नाही. गरज वाटली तर दोन मिनिटं बाहेर जाऊन येण्याची मुभा आणि परीक्षेला वेगळी खोली मागता येते. सरकारी शाळेत हे ५०४ प्लॅनमध्ये लिहून घेता येतं.

मुलं चिडवतात त्याआधी बहुतेक वेळा विचारतात, ‘तू असं का करतोस?’ त्या प्रश्नाला उत्तर तयार हवं. घरी इंग्रजीतच घोकून घ्या : ‘इट्स अ टिक. माय बॉडी जस्ट डझ इट. यू कॅन इग्नोर इट.’ मग लगेच दुसरा विषय काढायचा. मूल तयार असेल तर टीचर किंवा काउन्सेलर वर्गाला दहा मिनिटांत समजावू शकतात. त्या वेळी वर्गात बसायचं की नाही, हे मुलाने ठरवायचं. ते नको म्हणालं तर विषय तिथेच सोडा.

एवढं सगळं करूनही कोणी मुद्दाम नक्कल करत असेल, तर ते बहुधा बसमध्ये किंवा लंचला होतं, टीचर नसताना. तारीख, जागा आणि नेमके शब्द लिहून ठेवा आणि प्रिन्सिपलना लेखी कळवा. ‘त्याला चिडवतात’ एवढ्यावर शाळा फारसं काही करू शकत नाही. ‘मंगळवारी बसमध्ये दोघांनी मान झटकून दाखवली’ यावर करू शकते.

थेरपिस्ट शोधताना ‘सीबीआयटी शिकलेले आहात का?’ हे आधी विचारा. टुरेट असोसिएशन ऑफ अमेरिकेच्या वेबसाइटवर राज्यवार यादी मिळते. आणि आजच्या रविवारी आजीला फोन केलात, तर मूल खोलीत नसताना तिलाही हे समजावून सांगा.