यात्रेला निघण्यापूर्वी ज्येष्ठांना काय सांगावे?

(यात्रापूर्व सभेतील व्याख्यान)



संघयात्रा ठरली की घरोघरी एक वाक्य ऐकू येते, "काळजी करू नका, सगळी सोय केलेली आहे." ज्येष्ठ यात्रेकरूला हे वाक्य ऐकून धीर येतो, पण माहिती काहीच मिळत नाही. किती चालावे लागेल, कुठे बसायला मिळेल, जेवण किती वाजता होईल आणि गोळी केव्हा घ्यायची, या प्रश्नांची उत्तरे त्याला निघण्याच्या दिवशी, बसच्या दारात, घाईघाईने मिळतात. तोवर पिशवी डिकीत गेलेली असते.

पिशोरहून कन्नडमार्गे मांगीतुंगीला जाणारी यात्रा उदाहरणादाखल घेऊ. नाशिक जिल्ह्यातील सटाणा तालुक्यात ताहाराबादपुढे असलेल्या या सिद्धक्षेत्राची दोन शिखरे आहेत आणि वर जाण्यासाठी सुमारे साडेतीन हजार पायऱ्या चढाव्या लागतात. "साडेतीन हजार" हा आकडा ऐकून सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. घराच्या एका मजल्याला वीस पायऱ्या धरल्या, तर हा चढ पावणेदोनशे मजल्यांचा होतो, असे सांगितले की लगेच उमगते. सपाट अंतराचे मापही ओळखीचे असावे. वेरूळ पिशोरकरांनी अनेकदा पाहिलेले आहे. कैलास लेण्यापासून इंद्रसभेपर्यंतचे, म्हणजे बत्तिसाव्या लेण्यापर्यंतचे, अंतर किलोमीटरभराहून अधिक आहे. "तिथवर पायी गेल्यावर गुडघा दुखला होता का, आणि परत येताना रिक्षा शोधली होती का?" असे विचारले की खरे उत्तर मिळते. "तुम्हाला चालता येते का?" या प्रश्नाला मात्र सगळे "हो" म्हणतात.

चढण्याची गती ठरवण्याची खूण सोपी आहे. चढताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले तर थांबावे, श्वास पूर्ववत झाल्यावर पुढे निघावे. तुकडीत सर्वांत सावकाश चालणारा पुढे असावा, कारण तो मागे असला की पुढचे थांबून त्याची वाट पाहतात आणि तो पोहोचताच उठून चालू लागतात. विसावा त्याच्या वाट्याला येतच नाही. दुसरी गोष्ट उतरण्याची. चढताना दम लागतो, पण गुडघे आणि मांड्या दमतात त्या उतरताना, आणि पाय घसरण्याचा धोकाही तेव्हाच अधिक असतो. म्हणून निम्मी शक्ती उतरण्यासाठी राखायची, हे आधीच सांगावे. ज्यांना घरचे दोन जिने न थांबता चढता येत नाहीत, किंवा चढताना छातीत दाटून येते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पायी जाऊ नये. अशांसाठी डोली आहे, आणि पायथ्याशी मंदिरेही आहेत.

डोलीचा प्रश्न पैशाइतकाच संकोचाचा असतो. बहुतेक तीर्थांवर तिचे भाडे वजनावर ठरते. ते माणसासमोर, चारचौघांत ठरू लागले की आजी म्हणतात, "मी हळूहळू येते." यात्रेच्या वर्गणीतच डोलीचा निधी धरला आणि डोलीत कोण बसणार हे गावातच ठरले, तर हा प्रसंग टळतो.

आता औषधांविषयी, कारण जैन यात्रेत हा विषय इतर सहलींपेक्षा नाजूक आहे. कोणाचे एकासन असते, कोणाचा उपवास, कोणाचा सूर्यास्तानंतर अन्नपाण्याचा त्याग, तर कोणी वंदना पूर्ण होईपर्यंत काहीच घेत नाही. असे समजावे की एका आजींना मधुमेह आहे. सकाळी गोळी, मग नाश्ता, असा त्यांचा घरचा क्रम आहे. यात्रेत त्या पहाटे उठून गोळी घेतात आणि "वंदना झाल्यावरच खाईन" असे ठरवून चढू लागतात. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, तसेच इन्सुलिन, पोटात अन्न नसले तरी आपले काम करीतच राहतात आणि चढण्याचे श्रम साखर आणखी खाली नेतात. घाम, हातांना कंप, छातीत धडधड, चिडचिड, मग उत्तरांत गोंधळ, ही लक्षणे दिसू लागतात. डोंगर चढताना ती थकव्यासारखीच वाटतात, म्हणून सोबतचे म्हणतात, "बसा थोडा वेळ." बसल्याने साखर वाढत नाही. शुद्ध असेल तर तत्काळ तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, मग काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. थेट दवाखाना गाठावा.

यावरचा खरा उपाय डोंगरावर नाही, गावात आहे. यात्रेच्या तीन आठवडे आधी आपले व्रत डॉक्टरांना सांगून कोणती गोळी केव्हा, किती घ्यायची किंवा त्या दिवशी वगळायची, हे विचारून घ्यावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हेही त्यांनाच विचारावे. व्रताच्या बाजूने प्रश्न असेल तर तो प्रत्याख्यान घेण्यापूर्वी गुरुमहाराजांसमोर ठेवावा. श्वेतांबर परंपरेतील प्रत्याख्यानाला जे आगार, म्हणजे सवलती, असतात, त्यांत आजारपणात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत आहे. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, आणि आपण व्रतभंग करीत आहोत या भीतीने माणूस साखरेचा पेला परत करतो.

लघवीच्या गोळीचीही अशीच कथा आहे. बसमध्ये सोय नाही म्हणून ज्येष्ठ मंडळी ही गोळी गुपचूप टाळतात, पाणीही पीत नाहीत. गोळी टाळल्याने हृदयरोग्याच्या पायांवर सूज येते, दम वाढतो. पाणी न प्यायल्याने उठताना चक्कर येते. बस दर दोन तासांनी, शौचालय असलेल्या ठिकाणीच थांबेल, असे आधी सांगितले आणि तसे पाळले, तर कोणी गोळी टाळणार नाही. औषधे मूळ पाकिटांतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, अंगावरच्या पिशवीत असावीत. दोन दिवसांचा जादा साठा सोबत्याकडे द्यावा. इन्सुलिन डिकीत तापू देऊ नये.

बसमधील जागांविषयी वाद होतात, कारण त्या निघण्याच्या सकाळी रुमाल टाकून धरल्या जातात. मागच्या चाकांवरच्या आणि त्यामागच्या आसनांना धक्के सर्वाधिक बसतात. पाठीचे, मणक्याचे दुखणे असलेल्यांना तिथे बसवू नये. चाकावरच्या आसनापुढे पाय ठेवायला जागाही अपुरी असते. दोन चाकांच्या मधली, पुढच्या निम्म्यातली आसने ज्येष्ठांसाठी राखावीत. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्याला मधल्या वाटेकडची जागा द्यावी, म्हणजे पाय लांब करता येतो. ज्यांना वारंवार उतरावे लागते ते दाराजवळ, ज्यांना मळमळते ते पुढे खिडकीशी. उरलेल्यांच्या जागा रोज बदलाव्यात. ही यादी सभेत वाचून दाखवावी. बसची पहिली पायरी उंच असते, म्हणून एक भक्कम लाकडी पाट चालकाजवळ ठेवावा. तो उतरणाऱ्याच्या पायाखाली नेऊन ठेवायचे काम एकाच तरुणाकडे द्यावे, सगळ्यांकडे दिले की कोणीच करीत नाही.

एवढे सारे ठरले, तरी एक अडचण उरते. ज्येष्ठ आपले आजार सांगत नाहीत, कारण सांगितले तर यात्रेला नेणार नाहीत, अशी त्यांना भीती असते. मुलेही "आईला काही होत नाही" म्हणून मोकळी होतात. म्हणून सभेच्या आरंभीच व्यवस्थापकांनी जाहीर करावे की आजार सांगितल्यामुळे कोणाचेही नाव वगळले जाणार नाही, फक्त व्यवस्था बदलेल. मग प्रत्येकाशी एकट्याने, मुला-सुनांच्या माघारी, पाच मिनिटे बोलावे. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी खिशात आहे, ही गोष्ट बहुधा त्या पाच मिनिटांतच कळते.