जॉन कॉमिकमधला की टीव्हीवरचा? मामाच्या पेटीतले चौदा अंक

आवाज नीट येतोय ना? आज मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतील, कारण मी देऊळगाव राजाला मामाच्या घरी बसून रेकॉर्ड करतोय. बालाजी महाराजांच्या यात्रेला आठवडा राहिलाय, पाहुणे येणार, म्हणून मामीने माळा साफ करायला काढलाय. माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. आत जुने 'लोटपोट'चे अंक. मामी म्हणाली, "भंगारवाला आला की देऊन टाक."

त्यावरूनच आजचा विषय निघाला. मामाचा धाकटा पोरगा सहावीत आहे. त्याला मी म्हणालो, 'मोटू पतलू' टीव्हीवर यायच्या आधी कॉमिक होतं, हे बघ. त्याने लगेच विचारलं, "दादा, मग यात जॉन कुठंय?" मी म्हणालो, असेल की, शोध. कारण याच्याआधी मी एका 'लोटपोट'च्या मुखपृष्ठावर जॉन पाहिला होता. वीस रुपयांची पैज लागली.

आता थोडी पार्श्वभूमी. 'लोटपोट' हे दिल्लीहून निघणारं हिंदी मुलांचं नियतकालिक, १९६९ साली सुरू झालेलं. मोटू-पतलू ही जोडी त्यातलीच, कृपाशंकर भारद्वाज यांनी उभी केलेली. (चाचा चौधरी पण आधी 'लोटपोट'मध्येच आले, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.) टीव्हीवरची मालिका मात्र आपल्या मुंबईत बनली. कॉसमॉस-माया हा स्टुडिओ, दिग्दर्शक सुहास कदव, लेखक नीरज विक्रम. निकवर पहिला भाग आला तो ऑक्टोबर २०१२ मध्ये. म्हणजे कॉमिक आणि मालिका यांच्यात चाळीसेक वर्षांचं अंतर. एवढ्या वेळात कोण कुठून आलं याची सरमिसळ होणारच.

आम्ही दोघं ओसरीवर अंक पसरून बसलो. एकूण चौदा. तीन अंकांची मुखपृष्ठं फाटलेली, पण आतल्या पानावर महिना आणि साल सापडलं. सगळ्यात जुना १९८६चा, सगळ्यात नवा १९९८चा. मोटू आहे, पतलू आहे. घसीटाराम आहे. डॉक्टर झटका आहे. शिवाय चेलाराम नावाचा एक गडी आहे. पोराने त्याला ओळखलंच नाही, कारण मालिकेच्या मुख्य मंडळींत तो नाही. आणि जॉन? चौदाही अंकांत नाही. इन्स्पेक्टर चिंगम पण नाही.

मग मी ज्या मुखपृष्ठावर जॉन पाहिला होता, ते काय होतं? तो अंक मालिका गाजल्यानंतरचा होता. टीव्हीवर चाललेलं पात्र छापील अंकात आलं होतं, उलट्या दिशेने. माझी गफलत इथेच झाली. 'कॉमिकमध्ये आहे' आणि 'कॉमिकमधून आलंय' या दोन वेगळ्या गोष्टी. विचारायचं असतं ते एवढंच की मालिका यायच्या आधीच्या, तारीख छापलेल्या पानावर हे पात्र आहे का? तारीख नसेल तर तो पुरावा अर्धाच. मोबाईलवर फिरणाऱ्या कॉमिकच्या फोटोंचं हेच होतं. पान असतं, साल नसतं, आणि नव्याने रंगवून काढलेलं पान जुनं वाटतं.

यातलं सगळ्यात भारी उदाहरण बाहेरचं आहे. हार्ली क्विन. दहा जणांना विचारा, दहाही सांगतील की बॅटमनच्या कॉमिकमधली. पण ती जन्मली टीव्हीवर. 'बॅटमन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज'च्या सप्टेंबर १९९२ मधल्या एका भागात जोकरला एक साथीदार हवी होती, म्हणून पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी ती बनवली. छापील पानावर ती १९९३ मध्ये आली, तेही त्या मालिकेवरच बेतलेल्या कॉमिकमध्ये. डीसीच्या मुख्य कॉमिक विश्वात शिरायला तिला १९९९ उजाडलं. नंतरच्या सिनेमांत ती आली आणि आपण गृहीत धरलं की कॉमिकमधूनच आली असणार.

परत ओसरीवर. पोरगा हात पुढे करून बसलेला, वीस रुपये द्या. मी म्हणालो, थांब. आपल्याकडे चौदा अंक आहेत आणि ते १९९८ला संपतात. मालिका आली २०१२ला. मधल्या चौदा वर्षांत जॉन कॉमिकमध्ये आला नसेल कशावरून? न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. तो म्हणाला, "तुम्ही हरले म्हणून बोलता." तेही खरं होतं.

मग आम्ही दुसरा साक्षीदार शोधला, तो म्हणजे कान. मोबाईलवर एक भाग लावला आणि मी त्याला सांगितलं, पडद्याकडे पाठ करून ऐक. चिंगमची गंमत कशात आहे? त्याच्या दाक्षिणात्य ढंगाच्या हिंदीत. ती कागदावर छापली तर निम्मी उडून जाते. जो विनोद आवाजाशिवाय उभाच राहत नाही, तो बहुतेक आवाजासाठीच लिहिलेला असतो. मालिकेतली बरीचशी पात्रं सौरव चक्रवर्ती हा एकटा माणूस बोलतो. एकाच गळ्यातून इतकी माणसं काढायची तर प्रत्येकाला वेगळी ढब हवीच.

पण या खुणेला पण मर्यादा आहे, आणि ती डॉक्टर झटकामुळे कळली. मालिकेत तो पंजाबी ढंगात बोलतो. नुसतं कानावर गेलो असतो तर त्याला पण टीव्हीची पैदास ठरवून बसलो असतो. पण तो तर मामाच्या अंकात आहे, नावासकट! म्हणजे माणूस कागदावरचा, बोली स्टुडिओतली. तेव्हापासून मी अख्ख्या पात्राबद्दल 'कुठून आलं' असं विचारतच नाही. नाव वेगळं तपासतो, चेहरा वेगळा, सवय वेगळी, गाव वेगळं. फुरफुरी नगर हे नाव आम्हाला त्या अंकांत एकदाही दिसलं नाही. गोष्टी नुसत्या गल्लीत, बाजारात घडतात.

तिसरी गोष्ट कथेच्या गरजेची. हा माझा अंदाज आहे, अंदाज म्हणूनच घ्या. कॉमिकमधली गोष्ट चार-पाच पानांत संपते, तिथे मोटूचा वेंधळेपणा पुरतो. मालिकेत एक गोष्ट साधारण अकरा मिनिटांची, आणि अशा शेकडो लागतात. मग रोज चोरी करणारा एक चोर आणि त्याच्यामागे पळणारा एक पोलीस हाताशी असला की लेखकाचं काम सोपं होतं. जॉन आणि चिंगम ही अशी जोडी आहे. अंकांत नसणं, विनोद आवाजात असणं आणि ही गरज, तिन्ही एकाच बाजूला झुकतात. म्हणून मी वीस रुपये दिले.

पेटीचं काय झालं? रात्री मामा दुकानातून आला, एक अंक उचलला, आणि उभ्या उभ्याच वाचत राहिला. मामी म्हणाली, "आता हे परत माळ्यावर जाणार." गेलं. पण त्याआधी मी प्रत्येक अंकाचं साल दिसेल असं पान फोटो काढून ठेवलं, फाटक्या मुखपृष्ठाच्या तिन्हींचं पण.

आता तुमच्याकडे एक काम. १९९९ ते २०१२ मधला 'लोटपोट' कुणाच्या घरात असेल, जालन्याच्या, चिखलीच्या, कुठल्याही माळ्यावर, तर आत जॉन आहे का बघा आणि मला साल दिसेल असा फोटो पाठवा. सापडला तर मी चूक होतो असं पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच सांगेन, आणि पोराकडून वीस रुपये परत घेईन. त्याने ते समोशात उडवले असले तरी.

चला, मामी जेवायला हाक मारतेय.