लाळेतील विकर आणि प्रयोगाचा अहवाल

लाळेमध्ये अमायलेज नावाचे जे विकर असते, ते पिष्टाचे विघटन करून त्याची शर्करा बनविते, आणि ही क्रिया कोणत्या तापमानाला किती वेगाने होते हे पाहण्याचा प्रयोग महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षे चालत आला आहे. प्रयोग साधा, परंतु त्याचा अहवाल लिहिताना भलेभले अडखळतात, म्हणून आज त्या अहवालाविषयीच चार शब्द सांगावेत असे योजिले आहे.

कृती थोडक्यात अशी. शेकडा एक प्रमाणाचे पिष्टाचे द्रावण आणि दसपट विरळ केलेली लाळ निरनिराळ्या परीक्षानळ्यांत घेऊन इष्ट तापमानाच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावयाची, मग दोन्ही एकत्र करून दर अर्ध्या मिनिटाने त्यातला एक थेंब पांढऱ्या थाळीच्या खळग्यातील आयोडीनमध्ये सोडावयाचा, आणि निळा-काळा रंग उमटेनासा होईपर्यंत लागलेला वेळ टिपून ठेवावयाचा. येथे तापमान आपण हेतुपुरस्सर बदलतो, म्हणून ते स्वतंत्र चल; वेळ त्याच्यामागोमाग बदलतो, म्हणून तो अवलंबी चल. पिष्टाचे व लाळेचे आकारमान, त्यांची तीव्रता आणि द्रावणाची आम्लता या बाबी कायम ठेवल्या, एवढे लिहून भागत नाही. त्या कशाने कायम ठेवल्या याचा तपशील हवा, आणि लाळ एकाच व्यक्तीची, एकाच वेळी घेतलेली होती हेही नमूद हवे, कारण माणसागणिक तिची शक्ती पुष्कळच निराळी असते. शिवाय उकळून थंड केलेल्या लाळेची एक तुलनानळी ३७ अंशांवर ठेवलेली असावी. तिच्यात रंग अखेरपर्यंत टिकला, तरच पिष्ट विकरामुळे नाहीसे झाले असे म्हणण्याचा अधिकार आपणांस पोचतो.

समजा, २० अंशांना सहा मिनिटे लागली, ३० ला तीन, ३७ ला दोन, ४५ ला अडीच, ६० ला आठ. आणि १० व ७० अंशांना दहा मिनिटांतही रंग गेला नाही. वेळ जितका कमी तितका वेग अधिक, म्हणून एकाला मिनिटांनी भागून वेग काढावा, आणि आडव्या अक्षावर तापमान व उभ्या अक्षावर वेग घेऊन आलेख काढावा. १० आणि ७० अंशांचे बिंदू विद्यार्थी बेलाशक शून्यावर मांडतात. वस्तुतः तेथे वेग ०.१ हून कमी होता, इतकेच आपल्या पदरी पडलेले असते.

आता आलेखाच्या शिखराकडे पाहा. अर्ध्या मिनिटाच्या अंतराने थेंब घेतल्यामुळे ‘दोन मिनिटे’ याचा खरा अर्थ दीड आणि दोन मिनिटांच्या दरम्यान केव्हातरी, आणि ‘अडीच’ म्हणजे दोन व अडीचच्या दरम्यान. म्हणजे ३७ अंशांचा वेग ०.५ ते ०.६७, आणि ४५ अंशांचा ०.४ ते ०.५, दोहोंच्या मर्यादा एकमेकींना येऊन भिडल्या. २० अंशांना जे अर्धे मिनिट सहा मिनिटांत बिनबोभाट खपून जाते, तेच शिखरापाशी वेळेच्या चौथाईइतके होऊन बसते, आणि नेमक्या ज्या ठिकाणी आपणांस निर्णय द्यावयाचा असतो तेथेच आपले माप सर्वांत ढोबळ ठरते. त्रुटींच्या सदरात ‘मानवी चूक’ असा मोघम शेरा मारून मोकळे होण्याऐवजी ही गोष्ट लिहावी, आणि उपायही लिहावा : लाळ आणखी विरळ करून क्रिया लांबवावी, व थेंब दर दहा सेकंदांनी घ्यावेत. दुसरी त्रुटी उष्ण बाजूची आहे. आयोडीन आणि पिष्ट यांचा निळा रंग उष्णतेने फिका पडतो व निवल्यावर परत येतो. म्हणून ६० अंशांचा थेंब निवण्यापूर्वीच निकाल दिला, तर वेळ खऱ्याहून कमी भरेल. त्रुटी आकडा कोणत्या दिशेला ओढते हे असे सांगता आले पाहिजे. नुसती नामावळी काय कामाची?

राहता राहिला निष्कर्ष. पुस्तकात ३७ अंश छापलेले असतात, म्हणून तोच आकडा निष्कर्षात उतरवून ठेवण्याचा मोह अनावर असतो. पण वरील आकड्यांवरून इतकेच म्हणता येते की, निवडलेल्या तापमानांपैकी ३७ आणि ४५ अंशांना वेग सर्वाधिक होता, व कमाल वेगाचे तापमान ३० आणि ६० यांच्या दरम्यान कोठेतरी आहे. आणि १० व ७० अंशांची कैफियत? फळ दोहोंकडे सारखेच दिसले, तरी कारण एकच असेल असे नव्हे. त्याची रुजवात करण्यासाठी त्या दोन्ही नळ्या ३७ अंशांच्या पाण्यात आणून ठेवाव्या व पुन्हा थेंब घ्यावेत. थंडीतून आलेल्या नळीतील रंग काही मिनिटांत जातो, कारण तेथे रेणूंची हालचाल मंदावली होती, विकर शाबूत होते. उष्णतेतून आलेल्या नळीत तो टिकून राहिला, तर विकराच्या प्रथिनाची घडी उलगडून ते निकामी झाले असे लिहावे, आणि शेजारी ‘७० अंशांवर इतकी मिनिटे ठेवल्यानंतर’ ही मर्यादाही लिहावी, कारण प्रथिनाची ही हानी तापमानाइतकीच कालावधीवरही अवलंबून असते.